नळीच्या पोटातली रेषा

आमच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे मधलीताई म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, तीन बहिणींतली मधली असेल. ती थोरली होती. हे नाव तिला नळ्यांमुळे पडलं. ते कसं, हे सांगायचं तर आधी तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं.

नवऱ्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. आमचं काम लोखंडाच्या आणि स्टीलच्या नळ्या वाकवून देण्याचं. जिन्याचे कठडे, दवाखान्यातल्या खाटा, बॉयलरच्या नळ्या, जे येईल ते. उस्ताद बेंडिंग मशीनवर वीस वर्षं होते. मशीन म्हणजे एक जड लोखंडी चाकासारखा साचा, त्याच्या कडेला नळी बसेल अशी खाच. नळीचं एक टोक साच्याला आवळून धरायचं आणि साचा फिरवायचा, की नळी त्याच्याभोवती ओढली जाऊन गोलाई घेते. आतून चेपू नये म्हणून पोटात एक गुळगुळीत दांडा सरकवलेला असतो. उस्तादांच्या हाताला असं वळण होतं की त्यांच्या नळीवरून बोट फिरवलं तर सरळ भाग कुठे संपला आणि गोलाई कुठे सुरू झाली ते कळायचं नाही.

पंचेचाळिशीत त्यांची नजर गेली. पूर्ण नाही. कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तिथेच काळा डाग. डॉक्टरांनी सांगितलं, आहे एवढं टिकलं तरी पुष्कळ. त्यांना भिंत दिसे, माणूस दिसे, पण मशीनवरचा अंशांचा आकडा दिसेना.

ती तेव्हा घरी शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, फ्रॉक, ब्लाउज. एका सकाळी ती उस्तादांच्या मागोमाग वर्कशॉपमध्ये आली आणि मालकांना म्हणाली, "यांचे हात आहेत, माझे डोळे आहेत. दोघं मिळून एक माणूस धरा." मालक हसले, पण नाही म्हणाले नाहीत. ती मशीनशेजारी स्टुलावर बसायची आणि आकडे वाचायची. "ऐंशी. पंच्याऐंशी. अहो, थांबा आता." उस्ताद थांबायचे.

मी त्याच वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचो. माझी खोली म्हणजे काचेची एक पेटी, मशीनपासून दहा पावलांवर. त्यामुळे त्यांचं बोलणं मला दिवसभर ऐकू यायचं.

साताठ महिन्यांनी तिने विचारलं, "हे मशीनखालचं पिंप रोज कशानं भरतं हो?"

पिंपात नळ्यांचे तुकडे असायचे. उस्ताद नळी नेहमी अंदाजानं वीतभर जास्त कापायचे, वाकवायचे आणि उरलेलं टोक छाटून टाकायचे.

"कमी पडली तर जोडता येत नाही," उस्ताद म्हणाले.

"मी कापड कुठे वीतभर जास्त घेते?"

"कापडाचं वेगळं. कापड सरळ असतं."

"आणि गळा? गळ्याची पट्टी काय सरळ बसते? बाहेरची कड मोठी, आतली लहान. शिलाई जिथून जाते तेवढंच माप खरं."

उस्तादांनी पुढची नळी साच्यावर चढवली. पण ती गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पिंपातून एक लांब तुकडा काढला. त्यावर टोकदार खिळ्यानं तीन सरळ रेषा ओढल्या. एक रेषा वाकल्यावर बाहेर येईल त्या अंगाला, एक आत जाईल त्या अंगाला आणि एक वरच्या अंगाला, बरोबर दोन्हींच्या मध्ये. मग प्रत्येक रेषेवर दर सेंटिमीटरला एक आडवी खूण. शिवणाची टेप घेऊन, जीभ दातांत धरून, अर्धा तास ती हेच करत होती. उस्तादांनी ती नळी मशीनवर चढवली आणि काटकोनात वाकवली.

तिने मला हाक मारली. मी चहाचा पेला घेऊनच गेलो.

बाहेरच्या अंगाच्या खुणा एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. सेंटिमीटरचं अंतर अकरा मिलिमीटरच्या वर गेलं होतं. आतल्या अंगाच्या खुणा दाटीवाटीनं जवळ आल्या होत्या, नऊ मिलिमीटरसुद्धा भरत नव्हत्या. आणि वरच्या अंगाच्या खुणा होत्या तिथेच होत्या. टेप लावली तर दहा, दहा, दहा. कुठे केसभर जास्त असेल, तेवढंच. एवढं जाड पोलाद एकीकडे ताणलं गेलं होतं, दुसरीकडे चेपलं गेलं होतं, आणि मधोमध एका रेषेला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

मी कॉलेजात तीन वर्षं हे शिकलो होतो. वाकलेल्या नळीची लांबी मध्यरेषेवर मोजायची, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. पण ते मी कधी पाहिलं नव्हतं. खरी मध्यरेषा तर धातूतही नसते, ती नळीच्या पोटात असते, पोकळीत, हवेत. जिथे काहीही नाही तिथलं माप सगळ्यात खरं, आणि हे एका सातवी शिकलेल्या बाईनं शिवणाच्या टेपनं माझ्यासमोर उघडं करून ठेवलं होतं. चहा तसाच गार झाला.

मी तिला म्हटलं, "ताई, याचं सूत्र आहे."

"सूत्र म्हणजे?"

"मध्यरेषेची त्रिज्या घ्यायची. तुमच्या साच्याची दीडशे मिलिमीटर. तिला वाकवलेल्या अंशांनी गुणायचं आणि मग पॉइंट शून्य एक सात चार पाचनं. झाली गोलाईची लांबी. त्यात दोन्ही टोकांचे सरळ भाग मिळवायचे."

"म्हणजे एका अंशाला किती?"

मी कागदावर आकडा करून दाखवला. दीडशेच्या साच्यावर एका अंशाला दोन पूर्णांक सहाशे अठरा मिलिमीटर. तिने तो आकडा वहीत लिहून घेतला, खाली नव्वदनं गुणला आणि दोनशे साडेपस्तीसच्या वर किंचित असं उत्तर काढलं. मग मगाच्या नळीच्या मधल्या रेषेवर गोलाईपुरती टेप धरली. दोनशे छत्तीस भरले.

तिने टेप खाली ठेवली आणि मधल्या रेषेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "नळीला कुणी शिकवलं हो हे?"

त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच. "मधली बघा. बाहेरची खोटं बोलते, आतली खोटं बोलते, मधली बघा." मधलीताई हे नाव फोरमननं पाडलं, चेष्टेनं. वर्षभरात पिंप रिकामं राहू लागलं आणि चेष्टाही ओसरली. पुढे उस्तादांचे गुडघे धरले, तेव्हा मशीनचा खटकाही तिच्याच हातात आला. उस्ताद स्टुलावर बसायचे आणि तिने वाकवलेल्या नळीवरून बोट फिरवून सांगायचे, "इथं जरा घाई झाली, अगं."

वहीत ती आणखी एक गोष्ट लिहायची. नळी वाकवून सोडली की ती थोडी उलगडते, दोन-तीन अंश मागे येते. प्रत्येक धातूची खोड वेगळी. कुठली नळी किती मागे येते, ते सगळं त्या वहीत होतं.

हे असं चालू असताना सहाव्या वर्षी ती सकाळ उगवली, जिच्यासाठी मी हे सगळं सांगायला घेतलं.

दवाखान्याच्या देखभालीचा माणूस धापा टाकत आला. त्यांच्याकडे शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं मोठं यंत्र होतं. त्याला वाफ नेणारी नळी गोलाईवर चिरली होती. शहरात तेवढं एकच यंत्र, आणि नवी नळी यायला आठ दिवस. "आज-उद्या वाफवून ठेवलेली हत्यारं पुरतील," तो म्हणाला. "परवापासून ऑपरेशन थिएटरला कुलूप. आतमध्ये एक पोटुशी बाई ताटकळलीय, पोरगं आडवं आहे. डॉक्टर म्हणतात परवा दिवस भरतील, तेव्हाच ऑपरेशन करावं लागेल."

चिरलेली नळी त्याने बरोबर आणली होती, आणि यंत्राच्या पुस्तकातला नकाशाही. चाळीस मिलिमीटर व्यासाची नळी. एक सरळ भाग चारशे चाळीस, दुसरा दोनशे चाळीस, मध्ये दीडशे त्रिज्येची गोलाई. दोन्ही टोकं यंत्रातल्या ठरलेल्या खोबणीत बसणार, तेव्हा लांबी कमी चालणार नव्हती.

आमच्याकडे तशा स्टीलची एकच नळी होती. मागच्या कामातून उरलेली, बरोबर एक मीटर.

फोरमननं चिरलेल्या नळीच्या पाठीवरून दोरी लावली, दोरी टेपवर धरली आणि मान हलवली. "एक हजार छत्तीस. आपल्याकडे हजार. छत्तीस मिलिमीटर कमी. नाही जमणार."

मी माझ्या पेटीतून बाहेर आलो. मला भारी वाटत होतं. "फोरमनसाहेब, पाठीवरून मोजू नका. मधली बघा!" लोक हसले. मी नकाशावर नजर टाकली. दोन बाजूंमधला कोन लिहिला होता, साठ अंश. मी कागदावर भराभर केलं. दीडशे गुणिले साठ, गुणिले तो आकडा, एकशे सत्तावन्न. त्यात चारशे चाळीस आणि दोनशे चाळीस. "आठशे सदतीस. भरपूर आहे. आठशे साठवर कापा, वर तेवीस राखून."

देखभालीच्या माणसाचा चेहरा खुलला. कटरवाल्यानं आठशे साठवर खूण केली, नळी पकडीत आवळली आणि यंत्र सुरू केलं. पातं फिरू लागलं.

"थांबा!"

मधलीताईचा आवाज एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. तिने धावत येऊन बटण बंद केलं. पातं नळीपासून बोटभर अंतरावर थांबलं.

"साहेब, गोलाईला किती धरलेत?"

"एकशे सत्तावन्न."

"आपल्या साच्यावर काटकोनाला दोनशे पस्तीस लागतात. ही नळी काटकोनाच्या पुढे वळलीय. उलटी माघारी येतेय ती." तिने चिरलेली नळी माझ्यासमोर धरली. "जास्त वळलेल्या नळीला कमी लांबी कशी लागेल?"

मी नळीकडे पाहिलं आणि मग पुन्हा नकाशाकडे. नकाशातला साठ अंश हा वाकलेल्या नळीच्या दोन बाजूंमधला कोन होता. नळी वाकवायची होती ती सरळ रेषेपासून. सरळ म्हणजे एकशे ऐंशी, त्यातून साठ गेले. नळी एकशे वीस अंश वाकलेली होती, आणि मी तिला साठ समजून बसलो होतो. अजून दहा सेकंद गेली असती, तर आमच्याकडची तेवढी एकच नळी मी माझ्या शहाणपणानं कापून टाकली असती.

ती माझ्याकडे न बघता वहीच्या कोऱ्या पानावर लिहीत होती. एकशे वीस गुणिले दोन पूर्णांक सहाशे अठरा. तीनशे चौदा. चारशे चाळीस. दोनशे चाळीस. तिने खाली रेघ मारली.

"नऊशे चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

नळी हजार होती. सहा मिलिमीटर उरत होते. करंगळीच्या नखाएवढे.

फोरमननं दोरी पुन्हा उचलली, या वेळी पोटाकडून, आतल्या गोलाईवरून लावली. "नऊशे बावन्न," तो पुटपुटला. मग दोन्ही आकडे कागदावर शेजारी लिहून तो त्यांच्या मधला आकडा काढत बसला. हजार छत्तीस आणि नऊशे बावन्न. बरोबर मध्ये नऊशे चौऱ्याण्णव. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. चेष्टा करणारा तो माणूस, पण त्याचे डोळे मोठे झाले होते. "बाई म्हणते ते खरं आहे," एवढंच म्हणाला.

"सहा मिलिमीटरवर करणार?" मालकांनी विचारलं.

"ओढताना नळी जराशी लांबतेच, कमी होत नाही," ती म्हणाली. "पण वाकेल ती एकदाच. जास्त वाकली तर परत सरळ करून चालणार नाही, चिरेल."

नळीचं एक टोक तिने कानशीनं घासून अगदी काटकोनात केलं. तिथून दोनशे चाळीसवर खूण केली. उरलेले सहा मिलिमीटर तिने मुद्दाम लांब बाजूला ठेवले, म्हणजे शेवटी तिथूनच छाटता येतील. खूण साच्यावरच्या सुरुवातीच्या रेघेशी जुळवली, नळी आवळली, आतला दांडा तेलात बुडवून सरकवला. मग वही उघडली. त्या स्टीलची खोड तिथे लिहिलेली होती, शंभरावर गेलं की तीन अंश मागे येतं.

"एकशे तेवीसला थांबायचं," ती उस्तादांना म्हणाली. "तुम्ही हात ठेवा."

उस्ताद उठून आले. त्यांनी नळीच्या मागच्या भागावर तळवा टेकला, आणि तिने खटका दाबला.

साचा फिरू लागला. एवढी वर्षं मी ते रोज पाहत होतो, पण त्या दिवशी श्वास रोखून पाहिलं. सरळ नळी साच्याकडे सरकत होती आणि जिथे स्पर्श होई तिथे निमूट वळत होती. तीस. साठ. तिथे मी थांबलो असतो. नव्वद. नळी काटकोन ओलांडून माघारी फिरली. बाहेरचा धातू ताणला जात होता, आतला दबत होता, आणि कुणालाही न दिसणारी एक रेषा तेवढी आपली लांबी धरून वाट काढत होती.

"सावकाश," उस्ताद म्हणाले. "आता कुरकुरतेय."

"एकशे अठरा. एकशे वीस. एकवीस." तिचा आवाज हलला नाही. "तेवीस. थांबले."

तिने पकड सैल केली. नळी एक लहानसा आवाज करून किंचित उलगडली. मी कोनमापक लावला. एकशे वीस. काटा रेघेवर.

मग टेप. छोटा भाग दोनशे चाळीस. लांब भाग चारशे सत्तेचाळीस. सहा राखलेले आणि ओढताना वाढलेला एक. तिने सात मिलिमीटरची चकती छाटून टाकली, दोन्ही टोकं घासली आणि नळी चिरलेल्या नळीशेजारी फरशीवर ठेवली. एकीवर दुसरी ठेवली असती तर झाकली गेली असती.

उस्तादांनी वाकून तिच्यावरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "मला गोलाई कुठे सुरू झाली ते सापडत नाहीये."

ती तेव्हा पहिल्यांदा खाली बसली. तिथेच, फरशीवर, भिंतीला टेकून. आणि रडायला लागली.

नळीत पाणी भरून दाब देऊन पाहिला, थेंबही आला नाही. दुपारी नळी दवाखान्यात गेली. संध्याकाळी देखभालीच्या माणसाचा निरोप आला, दोन्ही टोकं हातानं खोबणीत बसली, यंत्रात वाफ सोडली आहे. त्या बाईचं दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप असल्याचं सांगायला तो स्वतः आला, आणि नळी वाकवणारा माणूस कोण म्हणून विचारू लागला. फोरमननं मशीनकडे बोट दाखवलं. तो उस्तादांचे हात धरायला गेला, तेव्हा उस्ताद म्हणाले, "मी नाही. ती."

मी तिची माफी मागितली. तिच्या स्टुलाशेजारी उभा राहून, सगळ्यांसमोर. वाटलं होतं, ती चार शब्द सुनावेल. मी त्याला पात्र होतो.

"साहेब, सूत्र तुम्हीच दिलंत," ती म्हणाली. "मला फक्त नळी दिसत होती."

त्यावर मी खूप दिवस विचार केला. मला कागद दिसत होता, तिला नळी. सूत्र दोघांचं एकच. त्यानंतर मी एकही ड्रॉइंग तिला दाखवल्याशिवाय खाली पाठवलं नाही, आणि कोनाशेजारी तो कुठला कोन हे शब्दांत लिहायला लागलो. जुनी माणसं हसायची. हसू देत.

ती अजून नऊ वर्षं मशीनवर होती. शेवटी शेवटी तर तिला आकडेमोडही करावी लागत नसे, ड्रॉइंगवर नजर टाकून लांबी सांगायची, आणि मी गुपचूप करून पाहिलं तर मिलिमीटरचाही फरक नसायचा. तिने एकदा मला विचारलं होतं, नळीला हे कुणी शिकवलं. मला अजून उत्तर माहीत नाही. पुस्तकात कारणं आहेत, ती मी वाचली आहेत, ती खरीही आहेत. तरीसुद्धा कुठे वळणदार कठडा दिसला, की माझा हात आपोआप त्याच्या वरच्या अंगावर जातो, ताणलेल्या आणि दबलेल्या धातूच्या मधोमध, आणि मी क्षणभर उभा राहतो.

घरातले म्हणतात, चला ना, काय बघताय त्यात?

मी म्हणतो, येतो. पुढे व्हा.